पिवळा दिवा लागला, आता गाडी किती किलोमीटर चालवायची?

उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजवर येणारे बरेच फोन एकाच प्रश्नाचे असतात: "डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, गाडी घेऊन येऊ का तिथंच ठेवू?" एक जण टायरची हवा थोडी उतरल्याचा दिवा बघून कागलजवळ हायवेच्या कडेला क्रेनची वाट बघत बसलेला असतो. दुसरा इंजिनाचा दिवा लुकलुकत असताना अख्खा आंबा घाट चढून आलेला असतो आणि त्याच्या सायलेन्सरमधला, धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर वितळून गेलेला असतो. दोघांनीही फक्त रंग बघितला. लाल दिवा म्हणजे जागा बघून थांबायचं, यात फारसा विचार नसतो. पिवळ्या दिव्यात मात्र अंतर तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि ते दिवा कोणता, तो स्थिर आहे की लुकलुकतोय, गाडीच्या वागण्यात काय बदललंय आणि पुढचा रस्ता कसा आहे, या चार गोष्टींवर ठरतं.

मी उत्तर देताना अंतर चार मापांत सांगतो. शून्य, म्हणजे फक्त रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी पोहोचण्यापुरतं. जवळचं गॅरेज, म्हणजे हळू चालवत पाच-दहा किलोमीटर. घर, म्हणजे सपाट रस्त्यानं कोल्हापूरपर्यंत. आणि ठरलेला प्रवास पूर्ण, पण आल्यावर त्याच आठवड्यात तपासणी. खाली प्रत्येक दिव्यासाठी यातलं एक माप लावलंय.

१. दिवा लागण्याआधीची तयारी

आपल्या गाडीत कोणते दिवे आहेत हे ठाऊक नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर जातं. इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा, बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा. इंजिन, एबीएस, एअरबॅग वगैरे बहुतेक दिवे उजळतात. इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांत ते विझले पाहिजेत. या वेळी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, आणि गाडीच्या पुस्तिकेत प्रत्येक चिन्हाचा अर्थ एकदा वाचा.

तपासा: चावी ऑन केल्यावर इंजिनाचा दिवा लागतच नसेल तर गाडी ठणठणीत आहे असं समजू नका. जुनी गाडी घेताना हे हमखास बघा, कारण बिघाड लपवायला दिवाच बंद केलेल्या गाड्या आमच्याकडे आल्या आहेत.

डिक्कीत हवेचा मीटर, टॉर्च, स्टेपनी बदलायचं सामान आणि १० मिलिमीटरचा पाना असू द्या. शक्य असेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनरही घ्या. तो मोबाइलवर बिघाडाचा कोड दाखवतो. कोड म्हणजे निदान नव्हे, पण कोडामुळं फोनवर बोलायला काहीतरी ठोस मिळतं.

२. दिवा लागल्यावरची पहिली दोन मिनिटं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण इथं घाईनं केलेली एक गोष्ट पुढची माहिती पुसून टाकते.

पहिल्यांदा पाय ॲक्सिलरेटरवरून हलका करा. मग सोबत लाल दिवा लागलाय का आणि टेम्परेचरचा काटा कुठं आहे ते बघा. लाल दिवा असेल किंवा काटा वर चढत असेल तर पिवळ्याचा विचार सोडा आणि थांबा. तसं नसेल तर दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते नीट बघून ठेवा, आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होता तेही लक्षात ठेवा: चढण, ओव्हरटेक, खड्डा, नुकतंच भरलेलं पेट्रोल. त्यानंतर सुरक्षित जागी गाडी घ्या आणि एक मिनिट इंजिन जागेवर चालू ठेवून आवाज आणि हादरा बघा.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे लगेच इंजिन बंद करून पुन्हा सुरू करणं. लुकलुकणारा दिवा पुन्हा सुरू केल्यावर बऱ्याचदा स्थिर दिसतो किंवा काही वेळ लागतही नाही, आणि माणूस "गेला बघ" म्हणून निघतो. दुसरी चूक म्हणजे बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं. त्यानं बिघाडाचा कोड पुसला जाऊ शकतो, आणि कोडासोबत साठवलेली, त्या क्षणीचा वेग, तापमान आणि लोड सांगणारी नोंदही जाते. मिस्त्रीला नेमकी तीच हवी असते.

३. इंजिनाचा दिवा: इथं सगळ्यात जास्त चुका होतात

*स्थिर दिवा, गाडीत काहीच फरक नाही.* पिकअप आहे, हादरा नाही, वास नाही, काटा जागेवर आहे. अशा वेळी बहुधा एखादा सेन्सर किंवा धुराशी संबंधित काही बिघडलेलं असतं. ठरलेला सपाट प्रवास पूर्ण करायला हरकत नाही. कोल्हापूरहून साताऱ्याला निघाला असाल तर ८०च्या आसपास वेग ठेवून जा, या आठवड्यात स्कॅनर लावून घ्या. घाट मात्र टाळा. चढणीला इंजिनावर पूर्ण लोड येतो, आणि सपाटीवर झाकलेला बिघाड तिथं उघडा पडतो.

*स्थिर दिवा, पण पिकअप गेला.* गाडी ठरावीक वेगापुढं जायलाच तयार नाही, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही. टर्बोच्या गाड्यांत हे जास्त दिसतं. कॉम्प्युटरनं इंजिनाला वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम कमी केलेली असते. जवळच्या गॅरेजपर्यंत जा, त्यापुढं नको. हायवेवर अशी गाडी मागच्या ट्रकसाठी अडथळा होते, म्हणून डावी लेन आणि गरज पडली तर हझार्ड लाइट.

*लुकलुकणारा दिवा.* अंतर शून्य. याचं कारण समजून घेतलं तर मोह होणार नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, पण इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतो. याला आपण गाडी मिसिंग मारते म्हणतो. न जळलेलं पेट्रोल आणि त्याच सिलिंडरातली न वापरलेली हवा दोन्ही सायलेन्सरकडं जातात आणि कन्व्हर्टरच्या जाळीत पेटतात. ही जाळी चिनी मातीसारख्या पदार्थाची असते. तिचं तापमान नेहमीपेक्षा कितीतरी वर, हजार अंशांच्या पुढं जाऊ शकतं, आणि मग ती वितळून वाट बंद करते. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या एका कॉइलचा खर्च आणि कन्व्हर्टरचा खर्च यांत कित्येक पटींचा फरक आहे. दिवा लुकलुकवून कॉम्प्युटर हेच सांगत असतो की आत्ताच्या मिसिंगनं कन्व्हर्टर जाईल.

पाय हलका केल्यावर लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला, तर बिघाड गेला नाही, फक्त लोड कमी झाला. अशा वेळी जवळचं गॅरेज हे माप लावा, तेही हलक्या पायानं. जागेवर उभ्या गाडीतही लुकलुकत राहिला तर इंजिन बंद करा आणि टोचन करून आणा.

सावध: अशी गाडी सुक्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका. खालचा कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की पाचट पेटू शकतं. डांबर किंवा मोकळी माती बघूनच थांबा.

सीएनजी गाडी असेल तर एक गोष्ट करून बघता येते. पेट्रोलवर घ्या. मिसिंग पूर्ण थांबलं तर पेट्रोलवर घरापर्यंत या. पण म्हणून गॅसच्या किटलाच दोष देऊ नका. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळं अर्धमेली कॉइल किंवा झिजलेला स्पार्क प्लग आधी सीएनजीवर बोलतो आणि काही दिवसांनी पेट्रोलवरही.

४. एक प्रसंग: गगनबावड्याच्या वाटेवर

मागच्या हंगामात एका शिक्षकांचा सकाळी फोन आला. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, पाच माणसं, डिक्की भरलेली, मालवणला निघालेले. कळे मागं पडलं होतं. "दादा, उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक केलं तेव्हा पिवळा दिवा लुकलुकला, आता नुसता लागलाय. गाडी थोडी हादराय लागलीय. बावड्यापर्यंत जाऊ काय?"

मी आधी उभं राहून इंजिन जागेवर कसं चालतंय ते विचारलं. ठराविक लयीत धक्के बसत होते, म्हणजे एक सिलिंडर सुटलं होतं. त्यांच्याकडं ब्लूटूथ स्कॅनर होता. कोड आला P0303. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसऱ्यात मिसिंग. (P0300 आला असता तर ठराविक एक सिलिंडर नाही, मग संशय इंधनावर किंवा हवेच्या गळतीवर जातो.)

पुढं जायचं का, याचं उत्तर इथं रस्त्यानं दिलं. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरायचा. उतारावर गाडी गुमान जाते आणि वाटतं, सगळं ठीक आहे. पण वैभववाडीत कॉइल मिळाली नाही तर तोच घाट पाच माणसांसह चढून यावं लागतं, तेही तीन सिलिंडरवर. बिघडलेली गाडी घेऊन घाट उतरताना परतीची चढण आधी मोजायची. म्हणून मी त्यांना मागं फिरायला सांगितलं.

त्याआधी कॉइल की आणखी काही, हे बघून घेतलं. इंजिन बंद करून, बॉनेट उघडून वीस मिनिटं थंड होऊ दिलं. मग १० च्या पान्यानं दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल काढून एकमेकींच्या जागी बसवल्या, कोड पुसला, आणि इंजिन जागेवर दोन-तीन मिनिटं चालवलं. नवा कोड आला P0302. बिघाड कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरला गेला, म्हणजे कॉइलच खराब. कोड तिसऱ्यावरच राहिला असता तर प्लग किंवा इंजेक्टर बघावा लागला असता.

आता खराब कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर होती, म्हणून इंजिन बंद असताना दुसऱ्या सिलिंडरच्याच इंजेक्टरचा वायरीचा प्लग काढायला लावला. इथं चूक झाली आणि तिसऱ्याचा काढला, तर दोन सिलिंडर बंद पडतात. दुसऱ्याचं पेट्रोल थांबलं की ते न जळता कन्व्हर्टरात जात नाही. तरी ही युक्ती लांब पल्ल्याची नाही. त्या सिलिंडरातली हवा सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचते, कॉम्प्युटरला मिश्रण पातळ वाटतं आणि तो बाकीच्या सिलिंडरांत पेट्रोल वाढवू शकतो, म्हणजे जाळी पुन्हा तापते. म्हणून मर्यादा घातली: कळ्यापर्यंतच, ४०च्या आत, एकट्यानं. घरची मंडळी एसटीनं मागं आली. मी मोटरसायकलवरून एक माणूस कॉइल देऊन पाठवला, आणि कॉइल बसल्यावर इंजेक्टरचा प्लग लावून ते त्याच गाडीनं कोल्हापूरला आले. मालवण पुढच्या शनिवारी.

इंजेक्टरचे प्लग वरून दिसत नसतील, किंवा पेट्रोल थेट सिलिंडरात सोडणारं इंजिन असेल, तर हे करू नका. टोचनच.

५. डिझेल गाड्यांचे दोन दिवे

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल कारमध्ये काजळी गाळणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढंच फिरणाऱ्या गाडीत हा फिल्टर कधी पुरेसा तापत नाही आणि काजळी साचत जाते. हा पिवळा दिवा स्थिर असेल, बाकी काही नसेल, तर गाडी थांबवायची नसते, उलट चालवायची असते. आधी डिझेल पुरेसं आहे आणि इंजिन ऑइल मॅक्सच्या वर चढलेलं नाही हे बघा. मग तावडे हॉटेलवरून हायवेला लागा, पुण्याच्या बाजूला किणीकडं किंवा बेळगावच्या बाजूला कागलकडं, आणि पुस्तिकेत दिलेल्या वेगानं, साधारण ६० ते ८० वर, वीसेक मिनिटं न थांबता चालवा. मध्येच इंजिन बंद केलं तर काजळी जाळायचं काम अर्धवट राहतं. दिवा विझला की परत या.

एवढं करूनही विझला नाही, लुकलुकायला लागला किंवा इंजिनाचा दिवाही सोबत आला, तर आणखी फेऱ्या मारू नका. भरलेला फिल्टर जबरदस्तीनं तापवण्यात तो तडकण्याचा धोका असतो. जवळचं गॅरेज, तेही हळू. ऑइल मॅक्सच्या वर आढळलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं, अशी गाडी चालवू नका.

दुसरा दिवा डिझेल फिल्टरमधल्या पाण्याचा. याचं माप शून्य. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर डिझेलवरच वंगण घेतात, पाणी गेलं की घासले जातात. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर असे दिवे आम्ही बरेच बघितले. टाकी भरल्यावर काही मिनिटांतच हा दिवा लागला तर पावती जपून ठेवा आणि फिल्टरमधलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून घ्या. पाणी तळाला बसलेलं दिसतं.

६. एबीएसचा दिवा

एबीएसचा पिवळा दिवा एकटाच असेल तर साधा ब्रेक पूर्ण लागतो. गेलेली असते ती फक्त चाकं लॉक होऊ न देण्याची सोय. त्यामुळं अंतराला तशी मर्यादा नाही, मर्यादा वेगाला आणि रस्त्याला आहे. कोरड्या सपाट रस्त्यानं घरी या, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. पावसात पन्हाळ्याचा किंवा आंबा घाटाचा उतार मात्र नको. ओल्या वळणावर जोरात ब्रेक दाबला की पुढची चाकं घसरतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

निघण्याआधी दोन तपासण्या करा. बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. मग मोकळ्या जागी २०च्या वेगाला ब्रेक दाबा. पेडल नेहमीच्याच उंचीवर, घट्ट लागलं पाहिजे.

सावध: एबीएसच्या पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर हँडब्रेक पूर्ण सोडलाय का ते बघा. सोडूनही लाल राहिला तर अंतर शून्य. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा गेलेली असू शकते, आणि मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते.

घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह असलेला पिवळा दिवा चिखलात किंवा ओल्या रस्त्यावर क्षणभर लुकलुकला तर तो बिघाड नाही, यंत्रणा काम करतेय. इंजिनाच्या दिव्याचा नियम इथं लावू नका. तो स्थिर राहिला तर आधी बटण चुकून दाबलं गेलंय का ते बघा.

७. टायरचा दिवा: मीटरनं ठरवा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर थंड टायरची हवा लिहिलेली असते. दिवा लागला की मीटर लावा. स्टिकरपेक्षा चार-सहा पीएसआय कमी असेल तर हळू चालवत जवळच्या पंपावर हवा भरा. २० पीएसआयच्या खाली असेल तर त्या टायरवर चालवू नका, स्टेपनी लावा. कमी हवेत टायरची बाजू सतत दुमडत राहते, आतून तापते आणि फाटते. असा टायर एकदा चालवला की पंक्चर काढूनही कामाचा राहत नाही.

हवा भरल्यावर दिवा गेला म्हणून विसरू नका. दहा किलोमीटरनंतर पुन्हा मीटर लावा. टायर तापल्यानं आकडा दोन-तीननं वाढलेला दिसायला हवा. उलट घटला असेल तर पंक्चर आहे, पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंतच चालवा. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फिरणाऱ्या गाड्यांच्या टायरांत लेथचा लोखंडी चुरा रुततो. तो हवा हळूहळू सोडतो, रात्रभरात दिवा लागतो, आणि तुकडा इतका बारीक असतो की साबणाचं पाणी लावल्याशिवाय दिसत नाही. गाडी सुरू केल्यावर टायरचा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर बहुधा सेन्सर बिघडलाय. हवा हातानं मोजून प्रवास करा.

८. उरलेले दोन

स्टिअरिंगचा दिवा पिवळा असला आणि स्टिअरिंग हलकं असलं तरी जवळच्या गॅरेजपुढं जाऊ नका. मदत करणारी मोटर वळणात अचानक बंद पडली तर जड झालेलं स्टिअरिंग वेळेत फिरत नाही.

पेट्रोलच्या दिव्याला लहान गाड्यांत साधारण पाच-सात लिटर उरलेलं असतं, पण डॅशबोर्डवरचा "उरलेले किलोमीटर" आकडा मागच्या काही वेळच्या ॲव्हरेजवरून काढलेला असतो. कागलहून सपाट आलात म्हणून ७० दिसेल, राधानगरीच्या पुढं फोंडा घाटाच्या रस्त्याला लागलात की तो झपाट्यानं उतरेल. मी घाटात त्या आकड्याचा निम्मा धरतो, आणि राधानगरी सोडायच्या आधीच पंप बघतो.

९. फोन करताना मिस्त्रीला काय सांगायचं

"पिवळा दिवा लागलाय" एवढ्यावर कुणीच अंतर सांगू शकत नाही. दिव्याचा फोटो पाठवा. मग सांगा: स्थिर की लुकलुकता, लागला तेव्हा काय चाललं होतं, हादरा, पिकअप किंवा वास यांत काय बदललं, काटा कुठं आहे, कोड असेल तर कोड, गाडीत माणसं किती, आणि पुढं घाट आहे का. शेवटच्या दोन गोष्टी लोक सांगत नाहीत, आणि मला त्या आधी विचाराव्या लागतात.